तोट्याच्या वर्षानंतर साहेबांचं भाषण लिहिताना

भोसरी एमआयडीसीत आमचं गाड्यांचे सुटे भाग बनवणारं छोटं युनिट आहे, मी तिथे एचआर बघतो. गेल्या वर्षी मोठ्या गिऱ्हाईकाचं एक मॉडेल बंद झालं. दुसरी पाळी थांबली, ओव्हरटाइम गेला, पगारही लांबले. वर्ष संपल्यावर साहेब म्हणाले, "सगळ्यांना एकत्र बोलावू. माझं सुरुवातीचं पाच मिनिटांचं लिहून ठेव."

लिहायला बसण्याआधी कॅन्टीनमध्ये सुपरवायझरांना विचारलं, पोरं काय बोलतात? बोनस मिळणार का, पीएफ भरलाय का, दुसरी पाळी परत सुरू होणार का. बाजारातल्या मंदीबद्दल कुणीच विचारत नव्हतं. त्यामुळे सेल्सने पाठवलेला उलाढालीचा तक्ता मी बाजूला ठेवला. 'आपण एक कुटुंब आहोत' हे साहेबांचं आवडतं वाक्यही काढलं. ज्याचा हप्ता आपल्यामुळे बाउन्स झाला, त्याला ते ऐकवायचं कसं?

सुरुवात पगारापासूनच केली: "पगार उशिरा झाले, कारण खात्यात पैसे नव्हते. पोलाद रोखीने घेत होतो आणि गिऱ्हाईकाचे पैसे तीन महिन्यांनी येत होते. आता आपली बिलं ट्रेड्सवर, म्हणजे बिलं वटवून देणाऱ्या ऑनलाइन व्यासपीठावर टाकतो. गिऱ्हाईकाने बिल मान्य केलं की व्याज कापून काही दिवसांतच पैसे मिळतात. पगार सात तारखेच्या आत होतील." पीएफच्या भरलेल्या चलनांची प्रत नोटीस बोर्डावर लावली, भाषणात तेवढा उल्लेख पुरला.

बोनसवरून मात्र आमचं वाजलं. तो भेट म्हणून जाहीर करावा, असं साहेबांच्या मनात होतं. पण पात्र कामगाराला 8.33 टक्के बोनस तोट्याच्या वर्षातही कायद्याने द्यावाच लागतो, आणि हे युनियनवाल्यांना आमच्यापेक्षा पक्कं ठाऊक असतं. शेवटी वाक्य असं ठरलं: "कायद्याने किमान आहे तेवढा बोनस दिवाळीआधी मिळेल. यंदा त्याहून जास्त देता येणार नाही."

दुसऱ्या पाळीचं उत्तर आमच्याकडेच नव्हतं. नव्या पार्टचे नमुने गिऱ्हाईकाकडे मंजुरीला गेले होते, आणि मंजुरीशिवाय ऑर्डर येत नाही. मग तसंच सांगायचं ठरलं. पुढच्या महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी साहेब पुन्हा उभे राहणार. सांगण्यासारखं काही नसलं, तर 'अजून नाही' एवढं सांगायला.

सभा पाळी सुटताना घेतली, म्हणजे सगळी माणसं सापडतात. कॉम्प्रेसर बंद ठेवला, नाहीतर मागच्या रांगेला ओठ तेवढे हललेले दिसतात.

भाषण संपताच वेल्डिंगमधल्या एकाने विचारलं, "साहेब, तुम्ही स्वतःचा पगार कापला का?"

"डिसेंबरपासून घेतलेलाच नाही."

हे वाक्य मी मुद्दाम भाषणात घातलं नव्हतं. आपण होऊन सांगितलं असतं तर ती फुशारकी वाटली असती. त्यानंतर प्रश्न कॅन्टीनच्या दरांवर आले आणि सभा ठरल्यापेक्षा बरीच लांबली.