वडील गेल्यानंतर पुन्हा शाळेत: एका समुपदेशकाचा अनुभव

वडील अचानक गेलेल्या नऊ वर्षांच्या मुलाची केस माझ्याकडे होती. घरचं काम त्या मानाने सरळ गेलं. आईने ‘झोपले’, ‘लांब गेले’ असं काही न म्हणता ‘बाबांचं हृदय बंद पडलं, ते वारले, आता परत येणार नाहीत’ असं सांगितलं. ‘मी हट्ट केला म्हणून झालं का?’ हा प्रश्न या वयात बऱ्याचदा मनात असतो, विचारला नाही तरी. त्याचं उत्तर आपणहून द्यावं आणि पुन्हापुन्हा द्यावं. मूल घटकेत रडतं, घटकेत खेळतं. त्यावरून ‘विसरला’ असा निष्कर्ष काढू नये.

अडलं ते शाळेत, आणि त्याचा राग मला अजून आहे. तो परतण्याआधीच वर्गाला बजावलं गेलं होतं, ‘त्याच्यासमोर बाबांचा विषय काढायचा नाही.’ हेतू चांगलाच होता, पण झालं असं की मित्र त्याच्याशी बोलायचेच बंद झाले. मग रोज मधल्या सुट्टीनंतर त्याचं पोट दुखायचं आणि शाळा त्याला घरी पाठवायची. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. पोटात खरंच दुखत होतं, पण त्यामागे आई घरी सुखरूप असेल ना, ही धास्ती होती. घरी पाठवलं की धास्ती तेवढ्यापुरती शमायची आणि दुसऱ्या दिवशी आणखी लवकर उठायची.

शाळेत प्रत्येक वेळी नवी व्यक्ती भेटायची आणि मी पहिल्यापासून सांगायचे. शेवटी एकच शिक्षिका नेमून घेतल्या, तेव्हा गाडी पुढे सरकली. वर्गाला काय सांगायचं ते मुलालाच विचारलं. ‘बाबा वारले, मला विचारलं तरी चालेल, पण रोज नको,’ हे त्याचेच शब्द. मधल्या सुट्टीत आईला ठरलेला एक फोन. बाकावर एक कार्ड: ते दाखवून न बोलता त्या बाईंकडे जायचं, दहा मिनिटं बसायचं आणि वर्गात परतायचं. परतणं वगळलं तर कार्ड म्हणजे पळवाट होते. आणि हो, वडिलांचा वाढदिवस आणि स्मृतिदिन शाळेला आधीच कळवून ठेवा.

‘मला बाबांकडे जायचंय’ हे वाक्य बहुतेकदा ओढीचं असतं, पण गृहीत धरू नका. ‘म्हणजे मरावंसं वाटतं का? कसं, ते ठरवलंयस का?’ असं थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उत्तर ‘हो’ आलं किंवा मूल स्वतःला इजा करत असेल, तर त्याला एकटं न सोडता त्याच दिवशी बालमनोविकारतज्ज्ञांकडे न्या. सहा महिने उलटूनही रोजची तीव्र ओढ, अपराधीपणा, खेळ आणि मित्र तुटलेले, शाळा टाळणं हे कमी होत नसेल, तरीही तज्ज्ञांना दाखवा. झोप आणि खाणं पार बिघडलं असेल, तर सहा महिन्यांची वाट पाहू नका.