करंगळीपाशी आवळणारा चामडी बूट: मोच्याकडे काय झालं, घरी काय केलं

बूट काळा, लेसचा, फॉर्मल, आठ नंबरचा. डावा पायात नीट बसायचा. उजवा मात्र करंगळीच्या बुडाशी आवळायचा आणि अर्ध्या तासात तिथे लाल वळ उठायचा. दुकानात तो मी सकाळी घालून पाहिला होता, चूक तिथेच झाली. दिवसभराच्या उभं राहण्याने पाय फुगतो, नागपूरच्या उन्हाळ्यात तर जास्तच. बूट संध्याकाळी, रोजचेच मोजे घालून पाहावा.

मोच्याकडे जाण्याआधी बूट लांबीला अपुरा आहे की रुंदीला, हे बघावं लागतं. लेस सोडून पाय पुढे सरकवला आणि टाचेमागे बोट शिरलं, तर लांबी पुरेशी आहे. माझं बोट शिरलं. मग आतली सुटी गादी काढून जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर उभा राहिलो. पाय करंगळीच्या बाजूने चार-पाच मिलिमीटर बाहेर येत होता. एवढं वरचं चामडं झेलतं. पाय बोटभर बाहेर आला असता तर बूट ताणण्यात अर्थ नव्हता, कारण ताणतं ते फक्त वरचं चामडं. सोल आहे तेवढाच राहतो आणि फुगलेलं चामडं त्याच्या काठावरून बाहेर लोंबतं.

बर्डीच्या फुटपाथवर बसणाऱ्या काकांनी आधी बुटाची जीभ उलटून तिची कापलेली कड पाहिली. कडेला लोकरीसारखे बारीक तंतू दिसले तर चामडं, आणि पातळ पापुद्र्याखाली कापडाची वीण दिसली तर रेक्झिन. "चामडं आहे, होऊन जाईल. पण लांबी नाही होत बरं भाऊ," ते म्हणाले.

दुखणारी जागा तोंडी सांगून भागत नाही. बूट पायात असतानाच बाहेरून बोटाने चाचपून त्या जागी चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावला. काकांनी तेवढ्याच जागी, बुटात घालून स्क्रूने ताणायच्या लाकडी फर्म्याच्या भोकात एक गोल गुटका बसवला, म्हणजे चामडं तिथेच फुगेल. अर्धं पाणी आणि अर्धं स्पिरिट असं मिश्रण आधी टाचेजवळ आतल्या बाजूला लावून रंग सुटतो का पाहिलं, मग दुखऱ्या जागी आतून फडक्याने पुसलं. भिजल्यावर चामड्याचे तंतू एकमेकांवरून सरकतात आणि ताणलेल्या स्थितीत वाळले की तसेच राहतात. त्यामुळे फर्मा पूर्ण वाळण्याआधी काढला तर चामडं बरंचसं परत आकसतं. बूट दोन रात्री फर्म्यावर राहिला.

घाई केली की बिघडतं ते इथेच. फर्म्याचा स्क्रू हाताला घट्ट लागेपर्यंत फिरवायचा, मग काही तासांनी पाव फेरा, तेवढाच. एकदम जोर लावला तर शिवणीची भोकं लांबट होतात, आणि चिकटवलेल्या सोलाच्या कडेला फट पडते. भोकं लांबट दिसू लागली की थांबायचं, पुढची पायरी फाटण्याची असते.

बूट परत आला तेव्हा दुखणं जवळजवळ गेलं होतं. उरलेलं घरी काढलं. जाड सुती मोजे घालून बूट चढवला आणि हेअर ड्रायर मध्यम गरमीवर, वीतभर अंतरावरून, वीस-तीस सेकंद त्या जागेवर फिरवत ठेवला. त्या वेळी बोटं आतून हलवत राहिलो. ड्रायर बंद केल्यावर बूट थंड होईपर्यंत घरातच चाललो. असं तीनदा केलं आणि शेवटी चामड्याचं क्रीम चोळलं, कारण उष्णतेने चामडं कोरडं पडतं. क्रीम न लावता सोडलं तर वाकण्याच्या जागी तडे जातात. बूट मे महिन्याच्या उन्हात ठेवून मऊ करण्याच्या फंदात मात्र पडू नये. चामडं कडक होतं आणि सोलाचा गोंद सुटतो.

लांबी का होत नाही, ते बूट हातात घेतला की कळतं. टाचेत अस्तराआड कडक कप असतो, टोकालाही तसाच कडक थर असतो, आणि खाली सोल या दोघांना बांधून ठेवतो. फर्मा लांबीला जास्त फिरवला तर लांबी न मिळता टाचेचा कप मागे ढळतो आणि मग टाच निसटायला लागते. टोक बोटांना वरून दाबत असेल तर तेही फारसं सुटत नाही. रेक्झिन गरम असताना सैल वाटतं आणि थंड झालं की पुन्हा जागेवर येतं, किंवा त्याचा पापुद्रा फाटतो. चकचकीत पेटंट चामड्याचा थर ताणल्यावर तडकतो आणि ते तडे पॉलिशने झाकले जात नाहीत.

बूट वरून, पायाच्या उंचवट्यावर दाबत असेल, तर फर्म्याआधी लेस खालपासून सैल करून पाहावी, आतली गादी काढून पाहावी. दोन-तीन मिलिमीटर जागा तेवढ्यानेच मिळते.