रात्री टाकलेला एक अंगठा

गेल्या महिन्यातली गोष्ट आहे पण अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय. मी रिक्रूटर आहे. बाहेरच्यांना वाटतं आमचं काम म्हणजे इंटरव्ह्यू लावणं, पण खरा वेळ जातो तो ॲप्रूव्हलच्या मागे फिरण्यात. हायरिंग मॅनेजर तोंडी हो म्हणतो, मग फायनान्सकडे फाइल जाते आणि तिथे आठवडा सहज निघतो. या मधल्या आठवड्यात कॅंडिडेटला काय सांगायचं आणि कशावर सांगायचं, सगळी गडबड तिथेच होते.

त्या दिवशी मॅनेजरचा होकार आला रात्री साडेदहाला. कॅंडिडेट चांगला होता, दुसरीकडे जाईल अशी भीती होती, म्हणून मी तेव्हाच व्हॉट्सॲपवर दोन मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली. त्यात पद सांगितलं, फिक्स्ड पगार सांगितला, जॉइनिंग बोनस सांगितला आणि म्हटलं की जवळजवळ फायनल आहे, लेटर लवकरच येईल. सव्वाअकराला त्याचा मेसेज आला, "थँक्यू मॅडम, मग उद्या पेपर टाकू ना?" मी अर्धवट झोपेत होते, अंगठा टाकला आणि फोन ठेवला. माझ्या मनात होतं की मेसेज पोचला, उद्या बोलू. त्याने अर्थातच तो हो असा वाचला, त्याच्या जागी कुणीही तसाच वाचला असता. सकाळी दहाला त्याने राजीनामा दिला आणि मी दुसऱ्या इंटरव्ह्यूंमध्ये अडकले, फोन करायचा राहूनच गेला.

2023 मध्ये कॅनडातल्या सस्कॅचवानच्या कोर्टाने जवसाच्या एका सौद्यात मेसेजवरचा अंगठा ही कराराला दिलेली संमतीच धरली होती. हे मला माहीत होतं, तरी त्या रात्री बोट तिकडेच गेलं.

लेटर आलं नवव्या दिवशी. फायनान्सने ग्रेड एक पायरी खाली आणली होती, त्यामुळे पद बदललं आणि जॉइनिंग बोनस गेला. त्याचा फोन आला तेव्हा तो ओरडला नाही, फक्त म्हणाला, "मॅडम, तुम्ही फायनल म्हणाला होतात." मी म्हटलं मी जवळजवळ म्हणाले होते. ती नोट परत ऐकू म्हणून चॅट उघडलं तर नोटही नाही, त्याचा प्रश्न नाही आणि माझा अंगठाही नाही. त्याने त्या चॅटला सात दिवसांचे डिसअपिअरिंग मेसेज लावलेले होते, तशी सूचना चॅटमध्ये दिसतेही, पण मी कधी नीट पाहिलीच नव्हती.

नंतर कळलं की ऑफिसात शेजारी बॉस, म्हणून त्याने नोट परत ऐकली ती थेट बसमध्ये, दीडपट वेगाने. त्यात माझा "जवळजवळ" कुठे गेला असेल कोण जाणे. व्हॉइस नोटमधला आकडा सर्च करून सापडत नाही, पटकन डोळ्यासमोर धरता येत नाही, आणि बोलणाऱ्याचा सूर आनंदी असला की अट ऐकूच येत नाही. त्यात रात्री अकराला आलेला मेसेज म्हणजे आत्ताच्या आत्ता उत्तर हवं असं समोरच्याला वाटतं, आपण नुसतं कळवलेलं असलं तरी.

आमच्यातला एक सिनियर म्हणाला, बरं झालं, मेसेज गेले, आता काही सिद्ध होत नाही. हे मला फार लागलं. समोरचा माणूस नोकरी सोडून बसलाय आणि आपण पुरावा नाही म्हणून सुटकेचा श्वास घ्यायचा? मी त्याच दिवशी मॅनेजर आणि फायनान्सला एक मेल केला, त्यात मी काय बोलले, त्याने काय विचारलं आणि मी अंगठा टाकला हे तारीख-वेळेसकट लिहिलं आणि कॅंडिडेटला सीसीत ठेवलं. फायनान्सने बोनस परत दिला, पद नाही दिलं.

आता मी चॅटवर इंटरव्ह्यूची वेळ, मीटिंगची लिंक, उशीर होतोय, एवढंच ठेवते. पगार, पद, तारीख यातलं काही फोनवर बोललं गेलं तर त्याच दिवशी मेल करते आणि चॅटवर फक्त "मेल केलाय, उत्तर तिथेच द्या" असं टाकते. रात्री सुचलं तर मेल लिहून सकाळी नऊला शेड्यूल करते. मेलमध्ये अट शेवटी लपवत नाही, पहिलंच वाक्य असतं: "हे ऑफर लेटर नाही, फायनान्सचं ॲप्रूव्हल बाकी आहे, सही झालेलं लेटर हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका." मॅनेजरला हे वाक्य आवडत नाही, कॅंडिडेट बिचकतो म्हणतो. बिचकू दे.

तो जॉइन झाला, पलीकडच्याच टीममध्ये बसतो. भेटला की नीट बोलतो. पण परवा त्याला रजेबद्दल एक छोटीशी गोष्ट चॅटवर विचारली, तर अर्ध्या तासाने त्याचं उत्तर मेलवर आलं, मॅनेजरला सीसी करून.