दोनदा वाचलेले वाक्य

श्रुतलेखनाच्या परीक्षेत प्रत्येक वाक्य दोनदा वाचले जाते आणि दुसरे वाचन म्हणजे पहिल्याचीच उजळणी, असे बहुतेकांना वाटते. माझ्या मते या दोन वाचनांची कामेच वेगळी आहेत. पहिल्यांदा शिक्षक वाक्य सलग, बोलण्याच्या ओघात वाचतात. दुसऱ्यांदा मुलांचा हात मागे पडू नये म्हणून दर दोन-तीन शब्दांनंतर थांबतात. त्यामुळे पहिल्या वाचनातला विराम अर्थाचा असतो आणि दुसऱ्यातला बराचसा हाताच्या सोयीचा. हे ज्याच्या ध्यानात येत नाही, तो शिक्षक थांबले की स्वल्पविराम देतो आणि मग ‘बागेतल्या जुन्या, झाडावर बसलेला, पोपट उडाला’ असली वाक्ये उत्तरपत्रिकेत अवतरतात.

खरी कसोटी संवादाच्या वाक्यात लागते. समजा, शिक्षकांनी वाचले : “तू उद्या येणार?” असे मीरा म्हणाली. या वाक्यात ‘का’ नाही, त्यामुळे प्रश्न आहे हे शब्दांवरून कळत नाही. ‘येणार’वर चढलेला सूर तेवढा ते सांगतो. सूर उतरला तर ते साधे विधान, आश्चर्याने उसळला तर उद्गार. शिवाय हे कोणाचे तरी बोलणे आहे, हे ‘असे मीरा म्हणाली’ कानावर पडेपर्यंत समजत नाही आणि तोवर ‘तू’ लिहून झालेला असतो. ‘मीरा म्हणाली’ आधी आले असते तर अवतरणचिन्ह कुठे उघडायचे हे आपसूक कळले असते. येथे मात्र मागे जाऊन ते कोंबावे लागते, आणि मिटणारे चिन्ह तर हटकून राहून जाते, कारण त्याला स्वतःचा असा आवाजच नसतो.

म्हणून पहिल्या वाचनाच्या वेळी पेन कागदावर टेकवूच नये, असे मला वाटते. शेवटच्या शब्दाचा सूर कसा होता आणि बोलणारे कोण, एवढे मनात धरून ठेवावे. शब्द दुसऱ्या वाचनात मिळतातच, सूर मात्र तुकडे पाडल्यावर बहुधा सपाट होतो. ज्या मुलाने पहिला शब्द ऐकताच लिहायला सुरुवात केली, त्याचा हात ‘उद्या’वर असताना ‘येणार’ कानावरून निघून गेलेले असते.

या उपायाचीही मर्यादा आहे. शिक्षकांनीच दोन्ही वेळा यादी वाचल्यासारखे एकसुरी वाचले, तर मुलाच्या कानाला काहीच दोष देता येत नाही. अशा वेळी ‘येणार’पुढे प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह किंवा नुसता स्वल्पविराम, यांपैकी काहीही लिहिलेले बरोबरच धरावे लागेल आणि नमुना उत्तराकडे बोट दाखवून गुण कापणे हा सरळ अन्याय ठरेल.