दुसऱ्या गिअरमध्ये उतरलेला घाट

घाटमाथ्यावरून समोर 12 किलोमीटरचा सलग उतार होता आणि पायथा जवळजवळ 800 मीटर खाली. चार माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन 1400 किलोच्या आसपास. एवढं वजन तेवढं खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात 30 लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. थोडी हवेच्या आणि टायरच्या विरोधात जाते, बाकीची ब्रेकच्या डिस्कवर पडू द्यायची की इंजिनावर, हे आपल्या हातात असतं.

पहिलं वळण यायच्या आधीच मी तिसरा गिअर टाकला. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, तरी 35 चा वेग हळूहळू 40 वर सरकला. म्हणजे या उताराला तिसरा पुरेसा नव्हता. ब्रेक ठाम दाबून वेग 30 वर आणला, क्लच दाबून दुसरा टाकला, अ‍ॅक्सिलरेटरला हलकासा स्पर्श देऊन आरपीएम वर घेतला आणि क्लच सावकाश सोडला. आरपीएमचा काटा अडीच हजाराच्या आसपास स्थिरावला, इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी जणू कुणी मागून धरून ठेवल्यासारखी 30-35 वरच राहिली. क्रम हाच हवा: आधी ब्रेकनं वेग कमी, मग खालचा गिअर. वेग जास्त असताना दुसरा टाकला तर इंजिन मर्यादेबाहेर फिरतं आणि निसरड्या रस्त्यावर चाकंही घसरू शकतात.

चढलेला आवाज ऐकून मागच्या सीटवरून प्रश्न आला, "पेट्रोल जास्त जळत असेल ना?" उलट आहे. पाय काढल्यावर आजकालच्या इंजेक्शनच्या गाड्यांत इंधन जवळजवळ बंदच होतं. थ्रॉटल मिटलेला असतो, इंजिनाला हवा ओढायला जोर लागतो आणि तो जोर चाकांकडून घेतला जातो. न्यूट्रल केलं किंवा क्लच दाबून ठेवला की हा धागा तुटतो, म्हणून उतारावर मी दोन्ही टाळतो.

मधल्या एका वळणावर जळका, उग्र वास आला. पुढे एक गाडी कडेला उभी होती. चालक म्हणाले, "पेडल स्पंजासारखं खाली जातंय." सतत पाय ठेवल्यानं ब्रेक ऑइल तापून उकळलं होतं आणि आत वाफेचे बुडबुडे झाले होते. पेडल कडक, पण गाडी थांबत नाही, असं झालं की पॅड तापलेले असतात. दोन्हींवर उपाय एकच: थांबणं आणि थंड होऊ देणं. डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकू किंवा तडकू शकते, असं मी त्यांना सांगितलं. थंड झाल्यावर पेडल घट्ट झालं तरी ऑइल बदलल्याशिवाय त्यावर भरवसा ठेवू नये, हेही.

इंजिनानं वेग कमी होताना मागचे ब्रेक लाईट लागत नाहीत. म्हणून गिअर उतरवताना मागे गाडी जवळ असली की मी पेडलला नुसता स्पर्श करून दिवे लावतो.