दादा, त्या दिवशी तुम्ही बस सोडलीत

दादा, तुम्ही कंपनी सोडताय म्हटल्यावर जो तो तुमच्या हाताखाली काय शिकला ते सांगतोय. मी तर तुमच्या हाताखाली कधी नव्हतेच. तुम्ही टूलरूमला आणि मी क्वालिटीत ट्रेनी. तरीही चाकणच्या त्या प्लांटमधलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते बेअरिंग हाउसिंगचं प्रकरण.

ॲल्युमिनियमचं हाउसिंग, बेअरिंग बसायचं भोक म्हणजे बोअर 72 मिलिमीटर, टॉलरन्स H7. म्हणजे 72.000 ते 72.030, सगळा खेळ 30 मायक्रॉनचा. मशीनपाशी प्रत्येक पार्ट ओके येत होता आणि तोच पार्ट इन्स्पेक्शन रूममध्ये माझ्याकडे आला की अंडरसाइज. मी लॉटला लाल टॅग लावला. बोअर लहान राहिला की बेअरिंग दाबून बसतं, बाहेरची रिंग आवळली जाते, आतला क्लिअरन्स जातो आणि बेअरिंग तापून लवकर खराब होतं. असा माल पुढे सोडायचा कसा? पण लाइन इन्चार्ज दहा माणसांसमोर म्हणाले, "मॅडमना अजून गेज धरता येत नाही. टॅग काढा."

तुम्ही कुठलं तरी फिक्स्चर द्यायला आला होतात. काही बोलला नाहीत. शिफ्ट सुटली, लोक बसकडे निघाले आणि तुम्ही वॉशिंग मशीनमधून नुकताच निघालेला एक पार्ट कापडात धरून माझ्या टेबलापाशी आलात. "चल, याला आपण जरा बघू."

रूम 20 अंशांवर होती, 72.000 ची मास्टर रिंगही तिथेच ठेवलेली. बोअर गेज तुम्ही मलाच झिरो करायला लावलीत. मी गेज बोअरमध्ये घालून हळूहळू झुलवली, काटा जिथून मागे वळतो तो आकडा वाचला. अधिक 19. ओके! माझ्या तर पोटात गोळाच आला. तुम्ही पार्ट ग्रॅनाइटच्या प्लेटवर ठेवलात, "आता त्याला हात लावू नकोस" म्हणालात आणि कागदावर दोन रकाने आखलेत, वेळ आणि रीडिंग.

पाव तासाने अधिक 10. अर्ध्या तासाने अधिक 4. मग शून्याच्या खाली. दरवेळी आधी रिंगवर झिरो तपासायचा, मगच पार्ट मोजायचा. दोनेक तासांनी काटा उणे 6 वर थांबला, तो पुढे हललाच नाही. उणे 6 म्हणजे 71.994, मी दिवसभर लिहीत होते तोच आकडा.

मग तुम्ही हिशेब मांडलात. ॲल्युमिनियम एका मीटरला दर अंशामागे साधारण 23 मायक्रॉन वाढतं. 72 मिलिमीटरला ते होतात सुमारे 1.66. पार्ट वॉशिंगमधून 35 अंशांच्या आसपास निघतो, म्हणजे 15 अंशांचा फरक. 15 गुणिले 1.66, जवळपास 25 मायक्रॉन. आमचा काटा 19 वरून उणे 6 वर आला होता, तोही बरोबर 25. भोक आहे म्हणून तापल्यावर ते आवळेल असं मला तोवर वाटायचं. तुम्ही कागदावर गोल काढून दाखवलंत, की सगळा पार्ट सारख्याच प्रमाणात फुगतो, भोकही त्याच्याबरोबर मोठं होतं.

आणि मग ते झालं ज्यासाठी मी हे लिहितेय. कागद पूर्ण झाल्यावर तुम्ही पेन माझ्याकडे दिलंत. "मोजणारी तू आहेस, सही तुझीच." सकाळच्या मीटिंगला तो कागद मी ठेवला. तुम्ही मागे दाराशी उभे होतात, एक अक्षर बोलला नाहीत. तुम्ही बोलला असतात तर इन्चार्जनी लगेच मान्य केलं असतं, पण ते तुमचं म्हणून. त्यांनी रीडिंग वर-खाली दोनदा वाचली, एक थंड पार्ट स्वतः मोजून बघितला आणि लॉट होल्डवर ठेवला. टूलचा ऑफसेट 20 मायक्रॉनने वाढवला. पण मग गरम पार्ट मशीनपाशी हमखास ओव्हरसाइज दिसणार आणि एखादा ऑपरेटर ऑफसेट परत मागे घेणार, म्हणून थंड झाल्याशिवाय पार्ट मोजायचा नाही असं ठरलं. मशीनशेजारी रॅक आला. त्यानंतर त्या लाइनवर माझ्या गेज धरण्याबद्दल कुणी बोललं नाही.

तुमचं नाव त्या कागदावर कुठेच नाही, म्हणून इथे लिहून ठेवतेय.

एक विचारायचं राहून गेलंय. मी दुसऱ्या शिफ्टच्या मुलींबरोबर गेले, पण तुमची बस तर केव्हाच गेली होती. त्या रात्री तुम्ही चिंचवडला कसे पोचलात, दादा?