तबला येतो, डग्गा येत नाही

‘ताई, ह्यातून तबला ऐकू येतो, पण डग्गा येत नाही.’

इतक्या नेमक्या शब्दांत तक्रार क्वचितच कानावर येते. बहुतेक लोक इअरफोन काउंटरवर ठेवतात आणि ‘आवाज नीट नाही’ एवढंच सांगतात. हे काका तबला शिकवतात. काही शिष्य परगावी असतात, त्यांचे धडे मोबाइलवरून चालतात. चाटीचा ‘ना’ खणखणीत येतो, पण ‘धा’मधला ‘गे’ पोकळ वाटतो, त्यामुळे समोरच्याचा डावा हात नीट पडतोय की नाही हे कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. दुसऱ्या एका दुकानात ‘ड्रायव्हर गेलाय, दोन्ही बदलावे लागतील’ असं सांगितलं होतं. ड्रायव्हर म्हणजे इअरफोनच्या आतला इवलासा स्पीकर. तोच बदलून द्या, म्हणून ते माझ्याकडे आले होते.

मी पहिला प्रश्न विचारला तो इतिहासाचा. नवे होते तेव्हापासून असंच होतं का? तर नाही, नवे होते तेव्हा छान होते. मग वायर पिनपाशी तुटली, एका ठिकाणी नवीन पिन बसवून घेतली आणि तेव्हापासून हे सुरू झालं. त्याच सुमारास डाव्या बाजूचं रबर हरवलं, म्हणून घरात पडलेली दुसरी जोडी लावली होती. म्हणजे संशयित दोन, आणि दोघे एकाच आठवड्यात आलेले.

अशा वेळी मी मीटर उचलत नाही. आधी दोष नक्की कुठे राहतो ते बघते. तो कानाला चिकटून राहतो, इअरफोनच्या बाजूला चिकटून राहतो, की दोन्ही बाजू एकत्र वाजल्यावरच दिसतो? एवढं कळलं की अर्धं काम होतं.

फोनवर टोन वाजवणारं एक अ‍ॅप आहे, त्यात 60 हर्ट्झचा सूर लावला आणि आवाज कमी ठेवला. काकांना फक्त उजवी बाजू उजव्या कानात घालायला सांगितली. ‘हो, घुमतंय.’ मग फक्त डावी, डाव्या कानात. ‘हे बघा, इथे काहीच नाही.’ आता डावी बाजू उजव्या कानात घातली. काका माझ्याकडे बघायला लागले. भरदार घुमारा! तीच बाजू, तोच सूर, कान तेवढा बदलला. डावा ड्रायव्हर निर्दोष सुटला, कारण ड्रायव्हर खराब असता तर दोष त्याच्याबरोबर दुसऱ्या कानात गेला असता. उजव्याने तर आधीच साक्ष दिली होती.

राहिला डावा कान. दोन्ही बाजू आपापल्या कानात घालून, गाणं बंद ठेवून, त्यांना तोंड मिटून ‘म्म्म’ असं गुणगुणायला सांगितलं. कान नीट बंद झाला असेल तर स्वतःचा आवाज त्या कानात मोठा वाटतो. काकांना तो उजवीकडेच घुमताना ऐकू आला, डावीकडे नाही. डावीकडचं रबर बोटाने हलकेच आत दाबून धरलं, तसा गुंजारव मध्यावर आला.

इथे हवेचा हिशेब आहे. कानात घालायच्या इअरफोनचा पडदा काही मिलिमीटरचा असतो. तो मोठ्या खोलीत खर्ज भरू शकत नाही, पण बंद कानातली घनसेंटिमीटरभर हवा सहज दाबू शकतो. फट राहिली की ती हवा निसटते. खर्जात पडदा सावकाश पुढे-मागे होतो, त्यामुळे हवेला फटीतून पळून जायला वेळ मिळतो. वरच्या सुरांत तो इतक्या झपाट्याने हलतो की हवेला वाट सापडायच्या आत दिशा बदललेली असते. म्हणून फटीमुळे आधी डग्गा जातो आणि चाट तशीच राहते. बऱ्याच जणांचे दोन कान एकाच मापाचे नसतात हेही इथे नडतं. काकांच्या डाव्या कानाला मोठं रबर लागत होतं आणि घरातून लावलेलं मधलं होतं. मोठं लावलं, कानाची पाळी वर-मागे ओढून बसवायला शिकवलं, आणि डावा कान एकटा ऐकला तर उजव्याइतकाच भरदार झाला.

खरं तर इथेच पैसे घेऊन त्यांना वाटेला लावता आलं असतं. पण काकांनी दोन्ही बाजू घालून शिष्याचं ध्वनिमुद्रण लावलं आणि मान हलवली. ‘डग्गा आलाय, पण समोर नाही. डोक्याच्या मागे कुठेतरी वाजतोय. आणि हा मुलगा बोलतो तेव्हा तोही दोन ठिकाणांहून बोलल्यासारखा वाटतो.’

एकेक कान ठीक आणि दोन्ही मिळून पोकळ, ही खूण रबराची नाही आणि ड्रायव्हरचीही नाही. ती वायरिंगची.

वायरिंगचे पण दोन दोष एकसारखे वाटतात, त्यांची फोड आधी करावी लागते. पहिला म्हणजे दोन्ही बाजूंची सामाईक ग्राउंडची, म्हणजे करंट परत नेणारी वायर सुटलेली असणं. तेव्हा दोन्ही ड्रायव्हर एकामागे एक जोडले जातात आणि त्यांच्यातून फक्त डाव्या-उजव्यातला फरक वाजतो. गायकाचा आवाज आणि खर्ज सहसा दोन्हीकडे सारखेच भरलेले असतात, म्हणून तेच नेमके नाहीसे होतात आणि मागची वाद्यं, प्रतिध्वनी उरतात. हा दोष ओळखायला फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीतली बॅलन्सची पट्टी पुरते. पट्टी पूर्ण डावीकडे सरकवूनही उजवी बाजू वाजत राहिली तर ग्राउंड गेलेलं आहे. तिथेच मोनो ऑडिओ, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच मिसळलेला आवाज, चालू केला तर असे इअरफोन जवळजवळ मुके होतात. काकांच्या इअरफोनमध्ये पट्टी सरकवल्यावर एक बाजू पूर्ण गप्प होत होती आणि मोनोवर आवाजही शाबूत होता. म्हणजे ग्राउंड ठीक.

उरला दुसरा दोष, एका बाजूच्या दोन तारांची अदलाबदल. डावा पडदा पुढे येतो तेव्हा उजवा मागे जातो. दोन मोठ्या स्पीकरांत असं झालं तर त्यांचा खर्ज खोलीतल्या हवेतच एकमेकांना मारतो. इअरफोनमध्ये दोन कानांची हवा एकत्र येतच नाही, त्यामुळे खर्ज प्रत्यक्षात कुठे जात नाही. मेंदूला मात्र दोन कानांकडून उलटसुलट दाब कळतो आणि आवाज मध्यभागी बसत नाही. म्हणूनच एकाच कानात खर्ज नसल्याची तक्रार असेल तर उलट्या तारांना दोष देण्यात अर्थ नसतो, एकट्या कानाला तो फरक कळत नाही. आणि म्हणूनच फोनवरच्या संभाषणात हा दोष जास्त बोचतो, कारण तिथला आवाज मोनो असतो आणि तो सगळाच मध्यावर यायला हवा.

मीटर इथे कामाचा नाही. दोन्ही बाजूंना मी सोळा ओहमच्या आसपास मोजले. तारा उलट्या केल्या तरी आकडा तोच राहतो. पडदा हलवणारी तारेची कॉइल तुटलीय का, तिच्यात शॉर्ट आहे का, एवढंच त्यावरून कळतं.

म्हणून मी खणातून माझी आवडती वस्तू काढली. फिशटँकच्या हवेची मऊ सिलिकॉनची नळी आणि तिचा प्लास्टिकचा टी-जोड, तीनही तोंडांना नळीचा छोटा तुकडा लावलेला. इअरफोनची रबरं काढून दोन्ही तोट्या आडव्या दोन तुकड्यांत घट्ट बसवल्या. मोनो चालू करून 100 हर्ट्झ लावले आणि तिसरं टोक काकांच्या कानापाशी धरलं. जेमतेम कुजबुज! मग उजव्या बाजूची नळी चिमटीत दाबली. लगेच सूर वर आला. सोडली, परत कुजबुज. काकांनी माझ्या हातातून ती नळी घेतली आणि तीन-चार वेळा स्वतःच दाबून बघितली. दोन्ही पडदे एकाच दिशेने हलत असते तर दाबल्यावर आवाज कमी व्हायला हवा होता. इथे वाढत होता, म्हणजे दोघे एकमेकांचा दाब खोडत होते.

पिनचं कव्हर उघडलं. अशा वायरीत डोळ्यांना तांबूस दिसणारी तार बहुधा ग्राउंडची असते, हिरवी डावीची आणि लाल उजवीची, पण हा नियम सगळे कारखाने पाळतीलच असं नाही. इथे हिरवी पिनच्या टोकाला, डावीच्या जागी होती, म्हणजे बरोबर. मात्र लाल तार ग्राउंडच्या कड्यावर, डावीकडच्या तांबूस तारेशेजारी टाकली होती आणि उजवीची तांबूस तार उजव्याच्या कड्यावर. दोन्ही बाजूंना आवाज येतोय हे बघून पिन बंद केली असणार. अशी चूक होणं सोपं आहे, तपासताना लोक एकेक कान लावून बघतात आणि एकेका कानात सगळं ठीकच ऐकू येतं.

त्या तारांवर रंगीत लाखेचा थर असतो आणि आत नायलॉनचे धागे. ब्लेडने खरवडायला गेलं तर केसाएवढे तंतू तुटतात. मी सोल्डरिंग आयर्नच्या तापलेल्या टोकावर सोल्डरचा थेंब घेऊन, फ्लक्स लावून, तार त्यात धरते. लाख जळते आणि तार चमकते. दोन तारांची जागा बदलली, मायकची तार होती तिथेच राहू दिली. परत नळीवर लावलं. आता दाबल्यावर आवाज कमी झाला.

काकांनी ध्वनिमुद्रण पुन्हा लावलं, काउंटरवर बोटांनी ठेका धरला आणि थोड्या वेळाने म्हणाले, ‘ह्या पोराचा डग्गा चांगला आहे, मी उगाच त्याला रागावत होतो.’ रबर आणि पिन मिळून दीडशे रुपये घेतले. ड्रायव्हर बदलण्याचा विषय निघाला नाही.

ड्रायव्हर खरोखरच गेला असेल तर काय होतं, ते त्याच संध्याकाळी एका कॉलेजच्या मुलाच्या इअरफोनमध्ये दिसलं. डावीकडे खर्ज कमी. कान बदलला तर दोष इअरफोनबरोबरच गेला. जाळी साफ केली, मागचं बारीक भोक कचऱ्याने बुजलंय का ते पाहिलं, कारण बऱ्याच मॉडेलांत ते बुजलं तरी खर्ज जातो. फरक पडला नाही. 40 ते 200 हर्ट्झपर्यंत सूर हळूहळू चढवत नेला तर मध्येच कागद फडफडल्यासारखी खरखर आली आणि पुढे गेल्यावर थांबली. पडदा तरी सुटलाय किंवा कॉइल घासतेय. त्या मापाचे सुटे ड्रायव्हर बाजारात मिळतात, पण एकच बदलला की दोन्ही बाजूंचा आवाज जुळत नाही, आणि दोन्ही बदलले तर खर्च नव्या इअरफोनच्या जवळ जातो. त्याला तसं सांगून ते न दुरुस्त करताच परत दिले.